व्हिडिओतून पोर्ट्रेटसाठी फ्रेम काढायचा माझा खटाटोप

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, ताई तुम्ही पेन्सिलने पोर्ट्रेट करता ना, माझ्या बाबांचं एक करून द्याल का. मी म्हटलं देते की, फोटो पाठव. तर म्हणाला तीच तर अडचण आहे, बाबांना फोटो काढून घ्यायचा भयंकर कंटाळा, जे आहेत त्यात एकतर ते मागच्या रांगेत आहेत नाहीतर डोळे मिटलेले. आता ते नाहीत. एक व्हिडिओ आहे फक्त, ३८ सेकंदांचा, त्यात ते खुर्चीत बसून गप्पा मारतायत आणि अगदी त्यांच्यासारखे दिसतायत.

मला वाटलं व्हिडिओ म्हणजे तर चांगलंच, सेकंदाला ३० फोटो, ३८ सेकंदांत अकराशेच्या वर फोटो झाले, त्यात एक तरी धड मिळेलच. हा माझा भाबडेपणा पुढचे दहा बारा दिवस मला पुरला.

पहिल्या दिवशी मी जे सगळे करतात तेच केलं, मोबाईलवर व्हिडिओ लावला, बरा वाटला तिथे पॉज केला आणि स्क्रीनशॉट घेतला. असे वीसेक घेतले. मोबाईलवर छान दिसत होते, मग कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले तर डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग. पापणी कुठे संपते आणि बुबुळ कुठे सुरू होतं काही कळत नाही. गालावर चौकोन चौकोन. ओठांच्या कडेला पाण्यात पडलेल्या सावलीसारखं काहीतरी हलतंय असं वाटावं असा प्रकार.

भाचा व्हिडिओ एडिटिंग करतो, त्याला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, फाईल तुला आली कशी?" म्हटलं मेसेजमधून फॉरवर्ड केली त्याने. "मग ती फाईल विसर. ओरिजिनल माग, ज्या फोनवर शूट केलं त्या फोनमधली, आणि केबलने नाहीतर ड्राईव्हवर टाकून, परत मेसेजमधून नको."

तो फोन सहकाऱ्याच्या बहिणीकडे निघाला, दोन दिवस गेले पण फाईल आली. आता दोन्ही फाईल्स शेजारी ठेवून जे बघितलं ते सांगते कारण तिथेच अर्धी लढाई होती. फॉरवर्ड केलेली फाईल ६ एमबी, ८४८ बाय ४८०. ओरिजिनल ८० एमबी, १९२० बाय १०८०. एकच क्लिप! पहिल्या फाईलमध्ये बाबांचा चेहरा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मोजला तर ९३ पिक्सेल, ओरिजिनलमध्ये २१०. आता ९३ पिक्सेलच्या चेहऱ्यात एक डोळा बसतो जेमतेम अठरा पिक्सेलात, त्यात पापणी, बुबुळ, डोळ्यातला चमकणारा ठिपका आणि खालची सुरकुती हे सगळं कुठून येणार. त्यात बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवलेली माहिती, इतका कमी की अॅपने आधीच ठरवून टाकलेलं की गालाचा हा तुकडा एकाच रंगाचा धरू. जे फाईलमध्ये नाहीच ते मी कितीही नीट काढलं तरी मिळणार नव्हतं. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी चेहरा किती पिक्सेलचा आहे ते आधी मोजावं, मला विचाराल तर दोनशेच्या खाली गेलं की आपण अंदाजाने काढायला लागतो.

फाईलची माहिती बघायला भाच्याने ffmpeg या व्हिडिओच्या प्रोग्रॅमसोबत येणाऱ्या ffprobe ची ही ओळ दिली होती, टर्मिनलमध्ये लिहायची:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=width,height,avg_frame_rate,color_transfer -of default=nw=1 baba.mp4
```

शेवटचा color_transfer का, तर म्हणे नवे फोन एचडीआरमध्ये शूट करतात आणि तिथे arib-std-b67 किंवा smpte2084 असं दिसलं तर थेट काढलेल्या फ्रेम्स फिक्या, राख फासल्यासारख्या येतात, त्यांना वेगळी प्रक्रिया लागते. माझ्या फाईलमध्ये साधं bt709 होतं. सुटले.

मग f नावाचा रिकामा फोल्डर आधी करून त्यात सगळ्या फ्रेम्स बाहेर काढल्या. स्क्रीनशॉट नाही, कारण प्लेअर चित्र स्क्रीनच्या मापाला ताणतो किंवा आवळतो, आणि आपल्याला फाईलमधला पिक्सेल जसाच्या तसा हवा. पीएनजीमध्ये, कारण जेपीजी केलं की आधीच दाबलेल्या चित्रावर आणखी एकदा दाब.

```
ffmpeg -i baba.mp4 -fps_mode passthrough f/%04d.png
```

यातलं passthrough मी पहिल्यांदा टाकलं नव्हतं, मोठा घोळ झाला. फोन कॅमेरे नेमक्या ३० च्या तालात शूट करत नाहीत, प्रकाश कमी झाला की मधेच रेंगाळतात, आणि ffmpeg बिचारं ताल राखायला मधल्या रिकाम्या जागी आधीचीच फ्रेम परत छापतं. मला ते कळलंच नाही, मी दोन फ्रेम्स शेजारी ठेवून "हे अजिबात हललेच नाहीत, वा!" म्हणून खूष होत होते, आणि ती एकच फ्रेम दोनदा होती. पुढे प्रत्येक फ्रेम किती धारदार याचे स्कोअर काढले तेव्हा लक्षात आलं, शेजारशेजारच्या दोघींचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत सारखा. जुनं ffmpeg असेल तर fps_mode ऐवजी -vsync 0 लिहायचं, काम तेच. हे टाकल्यावर बरोबर ११३७ फ्रेम्स मिळाल्या, जवळजवळ तीन जीबी.

मधे एक शॉर्टकट पण करून बघितला होता. कुठेतरी वाचलेलं की व्हिडिओत काही फ्रेम्स पूर्ण साठवलेल्या असतात, कीफ्रेम्स, आणि बाकीच्या म्हणजे फक्त आधीपेक्षा काय बदललं त्याची नोंद. मग फक्त कीफ्रेम्स काढल्या तर झालं, अडतीसेक निघाल्या, सेकंदाला एक. त्यातल्या बहुतेक सगळ्या पुसट! कारण कीफ्रेम ठराविक वेळाने येते, त्या क्षणी माणूस मान फिरवतोय का पापणी लववतोय याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. फॉरवर्ड केलेल्या फाईलमध्ये कीफ्रेम आणि तिच्या पुढच्या फ्रेममधला फरक डोळ्याला दिसत होता, ओरिजिनलमध्ये भरपूर बिटरेट असल्यामुळे मला तरी दिसला नाही. कीफ्रेमवर भिस्त ठेवू नका.

आता ११३७ फ्रेम्स. एकेक बघायला लागले, तीनशेपर्यंत डोळे गेले कामातून, सगळ्याच सारख्या दिसायला लागल्या. भाचा म्हणाला कॉम्प्युटरला आधी चाळू दे, आणि ही छोटी स्क्रिप्ट पाठवली. यात करतात काय, तर चित्रात शेजारच्या पिक्सेलमध्ये उजेड किती झटकन बदलतो ते मोजतात, कडा धारदार असतील तर आकडा मोठा, पुसट असतील तर लहान.

```python
import cv2, glob
x, y, w, h = 820, 300, 260, 130
rows = []
for p in sorted(glob.glob("f/*.png")):
    g = cv2.imread(p, cv2.IMREAD_GRAYSCALE)[y:y+h, x:x+w]
    g = cv2.GaussianBlur(g, (3, 3), 0)
    rows.append((cv2.Laplacian(g, cv2.CV_64F).var(), p))
for s, p in sorted(rows, reverse=True)[:40]:
    print(round(s, 1), p)
```

वरचं रूप शेवटचं आहे, तिथपर्यंत येईतो तीनदा फसले, आणि तिन्ही फसगती सांगण्यासारख्या आहेत.

पहिल्यांदा पूर्ण फ्रेमवर चालवली, x y वगैरे काही नव्हतं. सगळ्यात वरचे पंधरा नंबर आले क्लिपच्या पहिल्या दोन सेकंदांतले. मोठ्या आशेने उघडले तर बाबा धुक्यात आणि त्यांच्यामागचं पुस्तकांचं कपाट इतकं लख्ख की पुस्तकांच्या कण्यावरची अक्षरं वाचता येतील! म्हणजे सुरुवातीला फोनचा फोकस कपाटावर बसला होता आणि मग त्याने चेहरा शोधला. स्क्रिप्टला काय माहीत बाबा कोण आणि कपाट कोण, तिला धारदार कडा हव्या होत्या, त्या तिने दिल्या.

दुसऱ्यांदा चेहऱ्यापुरता चौकोन दिला. आता वर कोण आले, तर बोलताना तोंड पूर्ण उघडलेल्या फ्रेम्स. कारण काय तर दात. काळ्या तोंडात पांढरे दात म्हणजे चेहऱ्यावरची सगळ्यात जोरदार कड, त्याखालोखाल मिशी. त्यात काहींमध्ये डोळे अर्धवट मिटलेले, पण स्कोअर झक्कास.

तिसऱ्यांदा चौकोन आणखी लहान केला, भुवयांच्या जरा वरपासून नाकाच्या मध्यापर्यंत, फक्त डोळ्यांची पट्टी. हे बरंच जमलं. तरी वरच्या चाळीसात सात आठ अशा निघाल्या ज्यात बाबांच्या चष्म्यावर खिडकीची चमक होती, चमकेची कड धारदार आणि तिच्यामागचा डोळा गायब. याला स्क्रिप्टमध्ये मी काही उपाय केला नाही, त्या हाताने काढून टाकल्या. आणि हो, मधली ती GaussianBlur ची ओळ काढू नका, ती अंधाऱ्या भागातल्या दाण्यांसाठी आहे, नाहीतर फ्रेम जितकी दाणेदार तितका तिला जास्त मार्क. चौकोन जागेवर स्थिर असतो आणि माणूस हलतो, म्हणून मी क्लिपचे पाच तुकडे करून प्रत्येकाला वेगळे x y दिले. आकड्यांची तुलना पण त्या तुकड्यापुरतीच करायची, एका तुकड्यातले ४० आणि दुसऱ्यातले ४० यांचा काही संबंध नाही, उजेड बदलला की सगळंच बदलतं.

आता पुसटपणाबद्दल जरा सविस्तर, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर चार दिवस वाचले असते. मी सगळ्या खराब फ्रेम्सना नुसतं "ब्लर" म्हणायचे. पण त्यात तीन वेगवेगळे आजार आहेत आणि ओळखायची जागा एकच, डोळ्यातला चमकणारा ठिपका. फ्रेम चारशे टक्के मोठी करा आणि तो ठिपका बघा. बारीक टिंब असेल तर फ्रेम चांगली. टिंबाची रेघ झाली असेल तर माणूस हलला, आणि रेघ ज्या दिशेला त्या दिशेला हलला. टिंब फुगून मऊ गोल झालं असेल तर फोकस चुकला. आणि टिंब चौकोनी किंवा पायऱ्यापायऱ्यांचं झालं असेल तर तो कॉम्प्रेशनचा प्रताप. फोकस चुकलेली फ्रेम सरळ टाका, तिचं काही होत नाही. कॉम्प्रेशनसाठी चांगली फाईल मिळवा. पण हलल्याने पुसट झालेली फ्रेम अर्धी कामाची असते, हे मला फार उशिरा कळलं. माणसाने मान आडवी फिरवली तर पुसट होतात त्या उभ्या कडा, म्हणजे नाकाची बाजू, कान, गालाची कड. आडव्या कडा, वरच्या पापणीची घडी, ओठांमधली रेघ, कपाळावरच्या आठ्या, या तशाच राहतात कारण त्या स्वतःच्याच रेषेवरून सरकतात. बाबांच्या कपाळावरच्या तीन आठ्यांसाठी मी शेवटी अशीच एक "बाद" फ्रेम वापरली.

किती पुसट होतं याचा हिशोब पण एकदा केला. क्लिपमध्ये एका जागी बाबा आत कुणाला तरी हाक मारायला वळतात. अर्ध्या सेकंदात चेहरा साधारण स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, २१० पिक्सेल भागिले १५ फ्रेम्स, दर फ्रेमला १४ पिक्सेल. घरातल्या उजेडात फोनचं शटर समजा सेकंदाचा साठावा भाग उघडं राहिलं, म्हणजे फ्रेमच्या वेळेच्या निम्मं, तर ७ पिक्सेलचा फराटा. आणि पापणीची कड त्या चेहऱ्यात दोन तीन पिक्सेलची. फराटा मुद्द्यापेक्षा मोठा! म्हणजे वळतानाच्या मधल्या फ्रेम्स तपासण्यात अर्थच नव्हता. पण वळण जिथे संपतं, मान तिकडे जाऊन परत यायच्या आधी एक क्षण थांबते, तिथे वेग शून्य होतो, आणि तिथे तीन चार फ्रेम्स लख्ख मिळतात. झोका वरच्या टोकाला थांबतो तसं. हे कळल्यावर मी शोधायची पद्धतच बदलली, mpv या प्लेअरमध्ये क्लिप लावायची आणि पूर्णविरामाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाने मागे, आणि हालचालीची टोकं शोधून नोंद करायची. व्हीएलसीमध्ये पण E दाबून एकेक फ्रेम पुढे जाता येतं पण मागे यायची सोय नाही तिथे माझी चिडचिड झाली.

इतकं सगळं करून मी एक फ्रेम निवडली. स्कोअर उत्तम, ठिपका टिंबासारखा, डोळे उघडे, चष्म्यावर चमक नाही. बाबा बोलतायत, ओठ जरा उघडे. दोन संध्याकाळ बसून कच्चं स्केच केलं आणि सहकाऱ्याला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, रागावू नका, नाक डोळे बाबांचेच आहेत, पण हे बाबा नाहीत."

रागावले नाही पण खट्टू झाले. घरी येऊन त्या फ्रेमच्या आजूबाजूच्या तीस फ्रेम्स एका ओळीत लावून बघितल्या आणि त्याचं म्हणणं पटलं. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा प्रत्यक्षात आपण कधी थांबवून बघतच नाही. एखादा "ऊ" किंवा "फ" मधेच गोठवला तर ओठ भलतेच दिसतात, एक भुवई वर, एक गाल ओढलेला, आणि ते सेकंदाच्या तिसाव्या भागापुरतं असतं म्हणून एरवी जाणवत नाही. कागदावर मात्र ते कायमचं बसतं. पापणीचं पण तसंच, एक लवणं सेकंदाच्या एक दशांश ते चार दशांशपर्यंत चालतं, म्हणजे तीन ते बारा फ्रेम्स, आणि त्यातल्या सुरुवातीच्या शेवटच्या फ्रेम्समध्ये डोळा मिटलेला नसतो, नुसता पेंगुळलेला दिसतो. माझ्या निवडलेल्या फ्रेममध्ये पापणी एक पिक्सेलभर खाली होती! शेजारच्या फ्रेमशी ताडून बघितल्यावर कळलं. स्क्रिप्टच्या दृष्टीने फ्रेम अव्वल होती, आणि बाबा झोपेत बोलल्यासारखे दिसत होते.

मग क्लिप परत आवाजासकट बघितली. आत्तापर्यंत आवाज बंद ठेवूनच बघत होते, तीच चूक. २६ व्या सेकंदाला कॅमेऱ्यामागून बहीण काहीतरी विचारते आणि बाबा ऐकतात. साधारण सव्वा सेकंद. उत्तर द्यायच्या आधी. तोंड मिटलेलं, मान स्थिर, किंचित एका बाजूला कललेली, आणि डोळ्यांत आता काय मस्त उत्तर देतो बघ असा मिश्कील भाव. मी ते तीनदा बघितलं. ७९२ ते ८२८ या फ्रेम्स, एकूण सदतीस. चेहऱ्याचा चौकोन देऊन काढलेल्या यादीत यातली एकही वरच्या चाळीसात नव्हती, कारण दात दिसत नव्हते ना.

तेव्हापासून मी हेच करते, माणूस बोलतोय ते सोडा आणि ऐकतोय ते शोधा. प्रश्न संपतो आणि उत्तर सुरू होतं त्यामधली जागा. हसण्यात पण हसू फुटायच्या क्षणी नाही, हसू ओसरताना, तेव्हा तोंड शांत होतं आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या अजून हसत असतात.

त्या सदतीस फ्रेम्सवर परत स्क्रिप्ट चालवली, चौकोन नव्याने लावून, आणि सगळ्यात वरच्या दहा हाताने तपासल्या. ८१२ नंबर. फक्त एक खोट, डाव्या भिंगावर खिडकीची चमक, डोळ्याचा बाहेरचा कोपरा झाकलेला. पण ७९७ मध्ये मान केसभर वेगळी होती आणि चमक भिंगाच्या वरच्या कडेला सरकली होती, डोळा पूर्ण मोकळा.

इथे मोह होतो की तो डोळा उचलून इथे चिकटवावा. मी पण केलं आणि बाबा तिरळे झाले. दोन फ्रेम्समधे अर्ध्या सेकंदाचं अंतर, तेवढ्यात नजर कॅमेऱ्यावरून बहिणीच्या चेहऱ्याकडे सरकलेली आणि मान दीड दोन अंशांनी कललेली. मग असं ठरवलं, ८१२ ही मालकीण, जागा, कल, नजर, सावल्या सगळं तिचं. ७९७ मधून फक्त रचना बघायची, पापणीची घडी कशी वळते, कोपऱ्यात सुरकुत्या किती, पण बुबुळाची जागा ८१२ च्या उजव्या डोळ्यावरून ठरवायची. तपासायला दोन्ही फ्रेम्सवर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांतून एक सरळ रेघ मारली आणि ७९७ ला त्या रेघेइतकं फिरवून घेतलं. कानासाठी हाक मारायला वळल्याच्या टोकाची फ्रेम, आठ्यांसाठी ती बाद फ्रेम, हातासाठी आणखी दोन. या आणि अशाच आणखी काही मिळून एकूण अकरा फ्रेम्स ठेवल्या.

गळ्याखालच्या सावलीत ८१२ मध्ये नुसते दाणे दिसत होते. तिथे एक युक्ती चालली. ८१० ते ८१४ या पाच फ्रेम्समध्ये मान जवळजवळ हललीच नव्हती, त्या क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये एकावर एक पाच लेअर म्हणून टाकल्या, सगळ्यात खालच्याची अपारदर्शकता १०० टक्के, त्यावरची ५०, मग ३३, २५ आणि २०. याने पाचांची सरासरी निघते, दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असल्यामुळे विरतात आणि खरा आकार राहतो. कॉलरची सावली आणि हनुवटीखालची घडी वेगळी दिसायला लागली. पण जिथे हालचाल आहे तिथे हे करू नका, डोळ्यांवर तर अजिबात नको, एका फ्रेममध्ये जरी नजर हलली तरी बुबुळ चिखल होतं.

एक चूक मात्र चित्रात गेलीच. जबड्याच्या कडेला, जिथे मागे काळपट कपाट आहे तिथे, एक पातळ पांढरी रेघ दिसत होती. मला वाटलं मागून उजेड येतोय, खोडरबरने छान चमकदार कड काढली, फार खूष होते त्या कडेवर. मग एक दिवस लक्षात आलं की तशीच रेघ खुर्चीच्या पाठीला पण आहे, शर्टाच्या बाहीला पण आहे, आणि कपाटाच्या फळीला दोन्ही बाजूंनी आहे. उजेड दोन्ही बाजूंनी कसा येईल? ती फोनची करामत, शूट करतानाच तो कडा धारदार दिसाव्या म्हणून कडेच्या एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला काळी किनार घालतो. शंका आली तर निर्जीव वस्तू बघायची, तिलाही किनार असेल तर ती खोटी. म्हणूनच मी काढलेल्या फ्रेमवर वर आणखी शार्पन कधीच मारत नाही, आहे ती किनार अजून जाड होते. मोठी करायची असेल तर साधं लँक्झोस स्केलिंग, तिप्पट, बस.

ती चमकदार कड मी ग्रॅफाईटने परत भरली, कागद तिथे जरा घासला गेलाय, तिरक्या उजेडात दिसतं.

चित्र झालं तेव्हा सहकाऱ्याने काही म्हटलं नाही, नुसतं "हं" म्हणाला आणि बहिणीला फोटो पाठवला. तिचा दहा मिनिटांत फोन, "ताई, हे कधीचे बाबा आहेत?" मी म्हटलं तुम्ही त्यांना काहीतरी विचारलं आणि ते ऐकतायत तेव्हाचे, २७ व्या सेकंदाचे. तर म्हणाली मी त्यांना विचारलं होतं की औषध घेतलं का, आणि त्यांनी घेतलं नव्हतं.

११३७ फ्रेम्सचा फोल्डर उडवला, त्या अकरा ठेवल्या. ८१२ ची पीएनजी तिने मागून घेतली. ती मी केबलनेच दिली, मेसेजमधून नाही.